म्हण नाही, प्रसंग नाही; अर्थ तेवढा सांगा

आमच्या तेल्हाऱ्याकडे आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात, नाहीतर हल्ली फोनवर एक प्रश्न वारंवार कानी येतो. विचारणारा म्हणतो, "काका, ते एक म्हण आहे ना, माही आजी म्हने, तिचा अर्थ काय?" आपण विचारतो, "कोनती रे?" तो म्हणतो, "शब्द नाही आठवत." मग विचारावं, "कधी म्हने? कोनाले म्हने?" तर तेही आठवत नाही. अर्थ मात्र पाहिजे, आणि तोही एका वाक्यात.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हसण्यावारी नेऊ नये. कारण असा प्रश्न आला की उत्तर देणारे लोकं जागोजाग तयार असतात. म्हण ऐकल्याशिवाय म्हणीचा अर्थ सांगणारे मी पाहिले आहेत. "अबे, जुन्या लोकायचं म्हननं म्हंजे कष्ट करा, चांगलं वागा, दुसरं काय," असं म्हणून ते मोकळे होतात. या उत्तराची मी इथं झडती घेणार आहे, आणि त्याच्या जोडीनं शाळेच्या पुस्तकातल्या म्हणींच्या यादीचीही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. भाषेचा पंडित मी नाही. पण म्हणी ज्या वावरातून, गोठ्यातून, चुलीपुढून आल्या, तिथं साठ वर्षं काढली आहेत.

प्रश्नात दोन गोष्टी हरवलेल्या असतात. एक म्हणीचे शब्द, दुसरा म्हण ज्या वेळी बोलली गेली तो प्रसंग. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रीतीनं शोधाव्या लागतात, म्हणून एकेक घेऊ.

आधी शब्द. माणूस "आठवत नाही" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी आठवत असतंच. म्हण हा बोलण्याचा असा प्रकार आहे की ती मोडली तरी तिचा एखादा तुकडा डोक्यात राहतो. तो तुकडा बहुधा वस्तूचा किंवा जनावराचा असतो. म्हणून पहिला प्रश्न असा करावा की त्यात काय होतं. जनावर होतं, झाड होतं, भांडं होतं, की नात्याचं माणूस होतं? तो म्हणाला, "घोडं होतं," तर अर्धं काम झालं. पण अर्धंच. कारण घोडं म्हटलं की निदान तीन म्हणी समोर उभ्या राहतात. 'वरातीमागून घोडं' आहे. 'घोडामैदान जवळच आहे' आहे. आणि 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, म्हणून बुढ्या बाया 'इवायानं धाडलं घोडं' असं म्हणत.

आता या तिघींचा अर्थ एकमेकीच्या जवळपासही नाही. पहिलीत उशीर आहे. नवरदेवाची वरात पुढं गेली, अन् ज्या घोड्यावर त्याला बसवायचं ते मागून आलं. मग ते घोडं काय कामाचं? दुसरीत परीक्षा आहे. घोडं कसं पळते याच्या गप्पा कशाला मारता, मैदान इथंच आहे, पळवून पाहू. तिसरीत ओझं आहे. घरात आपल्याच पोटाची पंचाईत, आणि त्यात सोयऱ्यानं घोडं पाठवलं. ते परत करता येत नाही, कारण लेकीच्या सासरचं आहे, आणि ठेवावं तर चंदी-चारा आला. एका 'घोडं' शब्दावर कोणी अर्थ सांगितला तर तीनपैकी दोन वेळा तो चुकणार, हे उघड आहे.

म्हणून दुसरा प्रश्न लगेच करावा. म्हण कशावरून निघाली. उशीर झाला होता, कोणी बढाई मारत होतं, की खर्च वाढला होता? आणि तिसरा प्रश्न कानाचा आहे. म्हणीचे दोन तुकडे होते का, आणि त्यांचं यमक जुळत होतं का? 'थोडं-घोडं' हे यमक ज्याच्या कानात राहिलं त्याला शब्द आठवत नसले तरी ठेका आठवतो. पुष्कळ म्हणी ठेक्यावरच टिकल्या आहेत. लिहिता न येणाऱ्या माणसांनी त्या वाहून आणल्या, आणि यमक ही त्यांची दावण होती. दावणीला बांधलेलं जनावर जसं हाका मारली की हंबरते, तशी यमकाची म्हण अर्धी म्हटली की उरलेली आपोआप तोंडात येते.

शब्द सापडले तरी काम संपलं असं समजू नये. सापडलेला शब्द आपल्याला कळतो का, हेही तपासावं लागतं. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण शहरात वाढलेल्या एका शिकलेल्या पोराला मी विचारली. त्यानं सांगितलं, "बैल चोरीले गेला, अन् मालक आरामात झोपला." त्याला वाटलं ही आळशी माणसाची म्हण आहे. त्याचा दोष नाही. त्यानं झोपा कधी पाहिलाच नाही. झोपा म्हणजे गोठ्याच्या किंवा वाड्याच्या तोंडाशी लावायचं काट्याकुड्याचं दार. बाभळीचे काटे, पऱ्हाट्या, बांबूच्या कमच्या असं काहीबाही बांधून ते करत आणि रात्री आडवं लावून ठेवत. म्हण म्हणते की बैल गेल्यावर यानं दार केलं. म्हणजे माणूस झोपला नाही, उलट तो कामाला लागला. फक्त वेळ निघून गेल्यावर लागला. दोन अर्थांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक आळसाची म्हण आहे, दुसरी उशिराच्या शहाणपणाची. आता गोठ्याला लोखंडी फाटक असते आणि पुष्कळ घरी बैलच नाही. झोपा गेला, शब्द राहिला, आणि शेजारी 'झोप' हा ओळखीचा शब्द असल्यामुळे लोकांनी त्याला तिकडं ओढून नेलं.

चुकीचा अर्थ ओळखायची इथं एक सोपी खूण आहे. म्हणीतला प्रत्येक शब्द काम करते का, ते पाहावं. 'झोपला' असा अर्थ घेतला तर 'केला' हा शब्द बसत नाही; झोप घेतात, काढतात, पण 'झोपा करत' नाहीत. जिथं एखादा शब्द असा अडतो तिथं आपला अर्थ कुठंतरी वाकडा आहे. अशा वेळी कोशाकडे जावं. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून पुढं खंडाखंडानं आला, आणि म्हणी-वाक्प्रचारांसाठी त्यांनीच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश वेगळा केला. तालुक्याच्या चांगल्या वाचनालयात यातलं काही ना काही सापडते. गोठ्यातून गेलेल्या वस्तू या पुस्तकांत अजून बांधलेल्या आहेत.

शब्दाच्या बाबतीत कोश आपल्याला तारतो. प्रसंगाच्या बाबतीत तो तारू शकत नाही, आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. तक्रार कोशावर नाही. कोशाला हजारो म्हणी अक्षरवारीनं लावायच्या असतात. प्रत्येकीच्या मागं कोण बोललं, कोणाला बोललं, हे तो कुठं सांगत बसेल? मॅनवेअरिंग नावाच्या मिशनरी साहेबानं १८९९ साली मराठी म्हणींचं पुस्तक ऑक्सफर्डहून काढलं. त्यानं म्हणी जमवल्या आणि त्यांचं इंग्रजी केलं, ज्यांना मराठी येत नव्हती अशा वाचकांसाठी. त्या कामाला तेवढं पुरेसं होतं. तक्रार आहे ती आपल्या शाळेच्या यादीवर. डावीकडे म्हण, उजवीकडे एक ओळ अर्थ, परीक्षेत एक मार्क. पोरगं तेवढं पाठ करते आणि त्याला वाटते म्हणीला एकच अर्थ असतो, जसा डबीला एकच झाकण.

ही गोष्ट एका म्हणीवर नीट तपासून पाहू. 'कुठंही जा, पळसाला पानं तीनच.' आमच्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, आणि पायथ्याला, नाल्यांच्या काठी, पडीत जमिनीत पळस ढिगानं. फागुनात पानं झडून झाड सारं फुलांनी पेटते. त्याच्या एका देठाला तीन पानं असतात, मधलं थोडं मोठं, बाजूची दोन जोडीनं. शिकलेले लोक म्हणतात की ते तीन तुकड्यांचं एकच पान आहे. पण पत्रावळी लावणाऱ्या बाईला तीन पानंच दिसतात. तुम्ही झाड डोंगरातलं घ्या की धुऱ्यावरचं, पानं तीनच. यादीत अर्थ दिलेला असतो: 'सगळीकडे परिस्थिती सारखीच असणे.' हा अर्थ खोटा नाही. पण या अर्थानं म्हण बोलणारा माणूस काय करून राहिला, ते कळत नाही.

समजा एक पोरगं कंपनीत काम पाहाले पुण्याला निघालं आहे, आणि बाप ओट्यावर बसून म्हणतो, "जा बाप्पा, पन पळसाले पानं तीनच." इथं म्हण अडवते. बापाला सांगायचं आहे की तिथंही राबावंच लागेल, मग आपल्या वावरात राब ना.

आता तेच पोरगं दोन वर्षांनी रिकाम्या हातानं परत आलं. मान खाली घालून बसलं आहे. शेजारचा बुढा येतो आणि म्हणतो, "असू दे रे, पळसाले पानं तीनच." शब्द तेच. पण इथं म्हण पाठीवरून हात फिरवते. तुझ्यात काही कमी नव्हतं, जगच तसं आहे, असं ती सांगते.

तिसरी जागा घ्या. सरकार बदललं, नवे पुढारी आले, आणि कापूस विकणारा कास्तकार मोंढ्यात बंडीवर बसल्या-बसल्या म्हणतो, "पळसाले पानं तीनच." इथं ती चिमटा काढते, आणि सोबतचे सारे हसतात.

चौथी जागा सर्वांत अवघड. लेक सासरी नांदत नाही, मारझोड सोसून माहेरी आली आहे, आणि तिला परत लावून देताना घरचं माणूस म्हणते, "सासर म्हंजे सासर बाई, पळसाले पानं तीनच." इथं हीच म्हण एका बाईचं तोंड बंद करते. जे तिनं सहन करायला नको ते 'सगळीकडे असंच असते' म्हणून तिच्या गळी उतरवते.

अडवणं, धीर देणं, चिमटा काढणं आणि गप्प बसवणं, ही चार वेगवेगळी कामं झाली. 'सगळीकडे परिस्थिती सारखीच असणे' ही ओळ चारही ठिकाणी बसते, म्हणूनच ती एकाही ठिकाणचा अर्थ सांगत नाही. म्हणीचा अर्थ सांगायचा तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. म्हण काय म्हणते, आणि ती बोलून त्या माणसानं काय केलं. पहिली गोष्ट कोशात मिळते. दुसरी फक्त प्रसंगात असते. ती शोधायची तर कोण बोललं, कोणाला बोललं, आणि ऐकणाऱ्यानं पुढं काय केलं, हे विचारावं. यातला तिसरा प्रश्न लोकं सोडून देतात, पण उपयोगाचा तोच आहे. ऐकणारा हसला, रडला, उठून गेला, की कामाला लागला, यावरून म्हण कुठं लागली ते समजते.

जागा बदलली तरी म्हण बदलते, हेही इथंच सांगून टाकतो. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण सगळ्या महाराष्ट्राची आहे. विहिरीतच पाणी नसेल तर बादलीत कुठून येईल, एवढा साधा हिशेब. पण पूर्णेच्या काठचा आमचा खारपाणपट्टा घ्या. तिथं आडात पाणी आहे, पोहऱ्यात येते, आणि तरी तोंडात घालता येत नाही, इतकं ते खारं. तिथला माणूस ही म्हण म्हणताना कडेला एक हसू ठेवतो. म्हणीनं धरलेला हिशेब त्याच्या गावात पुरा पडत नाही, हे त्याला ठाऊक असते.

सगळ्याच म्हणींना इतकी चौकशी लागते असंही नाही. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही कुठंही ऐका, ती बहाणा करणाऱ्यालाच लागते. तिच्यात माणूस, त्याची उणीव आणि त्याचा बहाणा, सारं आतच भरलेलं आहे. प्रसंग तिनं आपल्यासोबतच आणला आहे. अशा म्हणीला एक ओळ अर्थ पुरतो. ज्या म्हणीत नुसती जगाची रीत सांगितली आहे, माणूस दिसत नाही, ती म्हण मात्र ज्याच्या हातात जाईल त्याच्यासारखी वागते. पळसाची म्हण त्या जातीची.

आता कोणी म्हणेल की एवढा काथ्याकूट कशाला? चुकला अर्थ तर चुकला, कोणाचं काय बिघडते? बिघडते, आणि कसं ते एका घरच्या गोष्टीवरून सांगतो. नावं सांगत नाही. गाव आमच्याच बाजूचं.

त्या घरचा नातू शहरात नोकरीला. बाप वारला. वावर वडिलोपार्जित, आणि बापाला एक बहीण, म्हणजे या पोराची आत्या. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच झाला. गावोगाव त्यावर उपाय म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. बहीण सही करते, भाऊ साडी-चोळी करतो, आणि माहेर टिकलं असं दोघं समजतात. या आत्यानं सही केली नव्हती. तिला पैशाची नड होती आणि ती हिस्सा मागत होती. पोराचं म्हणणं असं की आजीलाच आत्या नको होती. पुरावा काय? तर आजी एक म्हण म्हणे. ती म्हण काय, हे त्याला सांगता येईना. "काहीतरी ओझं होतं त्याच्यात, आत्याची पोट्टे घरी आली का म्हने. तुम्ही जुने हा, सांगा तिचा अर्थ," असं त्यानं मला फोनवर विचारलं.

त्याला खरं तर अर्थ पाहिजे नव्हता. त्याला शिक्का पाहिजे होता. मी 'हो, जुन्या बाया लेकीला ओझंच समजत' म्हटलं असतं, तर ते वाक्य बैठकीत आत्याच्या तोंडावर गेलं असतं. मी वर सांगितले तेच प्रश्न त्याला विचारले. त्यात काय होतं? बराच वेळ आठवून म्हणाला, "घोडं होतं, थोडं होतं." म्हण सापडली: घरचं झालं थोडं अन् इवायानं धाडलं घोडं. आता कोण बोललं, तर आजी. कोणाला? त्याला वाटे आत्याला, पण ऐकलं तेव्हा तो लहान होता. पुढं काय झालं? ते त्याला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "तुह्या मायले विचार. ते तवा सून होती घरात, चुलीपाशी होती. तिले ठाऊक असन."

त्यानं विचारलं, आणि मायनं सांगितलं ते असं. त्या साली पाऊस कमी झाला होता. खाली खारपाणपट्ट्यात आत्याच्या सासरी कडबा नव्हता, प्यायचं पाणी नव्हतं. आत्याच्या सासऱ्यानं उन्हाळा काढायला एक गाय अन् गोऱ्हा यांच्या दारी आणून बांधला. त्यासोबतच आत्याची पोरंही सुट्टीत आली होती. यांच्याही घरी कडब्याची गंजी अर्धीच होती. आजी गोऱ्ह्यापुढं पेंढी टाकता-टाकता म्हणे, घरचं झालं थोडं अन् इवायानं धाडलं घोडं. म्हणे, आणि पेंढी टाके. मिरगाचा पाऊस पडेपर्यंत तिनं ती दोन्ही जनावरं सांभाळली आणि धष्टपुष्ट करून परत धाडली. ऐकणारी सून त्यावर हसे.

पाहा, म्हण इथं जवळपास शब्दाशब्दानं खरी झाली होती. इवाई होता, त्यानं जनावर धाडलं होतं, आणि घरचं थोडं होतं. म्हण लेकीवर नव्हती, पोरांवरही नव्हती. पोरं फक्त तेव्हा अंगणात होती, म्हणून नातवाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एका दाव्याला बांधल्या गेल्या. आणि पुढं काय झालं हा प्रश्न किती उपयोगाचा, तेही इथं दिसते. ज्या बाईनं म्हण म्हणून पेंढी टाकली, तिची म्हण आणि जी म्हण म्हणून दाराला कडी लावते तिची म्हण, यांचे शब्द एक असले तरी अर्थ एक नाही.

इथं एका मर्यादेवर बोट ठेवलं पाहिजे. मायनं सांगितलं म्हणून आजीला लेकीबद्दल फार माया होती, असंही यातून सिद्ध होत नाही. म्हण हा माणसाच्या मनाचा सातबारा नव्हे. ती त्या उन्हाळ्यातली, त्या गोऱ्ह्यापुढची होती. तिच्यावरून वावराच्या हिश्श्याचा निकाल ना आत्याच्या बाजूनं लागतो, ना विरुद्ध. हिश्श्याचा प्रश्न कायद्यानं आणि भावा-बहिणीच्या नात्यानं सोडवायचा. मी त्या पोराला एवढंच म्हटलं, "बाबू, आजीले साक्षीले उभी करू नको. ते गोऱ्ह्याशी बोलत होती." पुढं त्यांचा व्यवहार काय झाला ते त्यांच्या घरचं आहे.

म्हणून जे लोकं म्हण न ऐकता अर्थ सांगतात त्यांच्यावर माझा राग आहे. त्यांचं उत्तर ओळखायला सोपं असते. ते उत्तर उचलून दुसऱ्या दहा म्हणींखाली ठेवा. ते सगळीकडे बसते. 'जुन्या लोकांचा अनुभव', 'जीवनाचं सार', 'कष्टाचं महत्त्व' हे शब्द पळसाखाली ठेवा, घोड्याखाली ठेवा, झोप्याखाली ठेवा, कुठंच अडत नाहीत. जो अर्थ कुठंच अडत नाही तो कोणत्याच म्हणीचा नसतो. खरा अर्थ आपल्या म्हणीत बसतो आणि शेजारच्या म्हणीत अडतो. 'उशिरा केलेली तजवीज' हा अर्थ झोप्यात बसतो, पळसात बसत नाही. एवढी एक कसोटी लावली तरी निम्मे अर्थ गळून पडतील.

आणि शब्दही नाही, प्रसंगही नाही, विचारूनही काही सापडत नाही, असं झालं तर? तर 'आत्ता सांगता येत नाही, घरी जाऊन ज्याच्यापुढं ती बोलली गेली त्याला विचार' हेच बरोबर उत्तर. ते देताना लाजू नये. दुखणं न सांगता औषध मागणाऱ्याला चांगला डॉक्टर पुडी बांधून देत नाही.

ज्यांच्या घरी अजून एखादी म्हण बोलणारी बुढी आहे त्यांना एक काम सांगतो. वही घ्या. म्हण ऐकली की पाच गोष्टी लिहा: म्हण तिच्याच बोलीत, जशी ऐकली तशी, कोण बोललं, कोणाला, त्या वेळी समोर काय चाललं होतं, आणि ऐकणाऱ्यानं पुढं काय केलं. म्हणीत एखादी वस्तू असेल, झोपा, मोट, पाटी, उखळ, तर ती काय होती ते बुढीकडूनच विचारून घ्या, कारण तिच्यानंतर ते सांगणारं माणूस घरात राहणार नाही. अर्थ लिहायची घाई करू नका. या पाच ओळी नीट उतरल्या तर अर्थ तिथंच असतो, आणि वीस वर्षांनी तुमच्या नातवाला तो कोणाला फोन करून विचारावा लागणार नाही.

वहीतली एक नोंद नमुन्याला देतो. म्हण: घरचं झालं थोडं अन् इवायानं धाडलं घोडं. बोलली: आजी. ऐकणारी: सून. समोर: सोयऱ्याचा गोऱ्हा, अर्धी गंजी, बिनपावसाचं साल. पुढं: पेंढी टाकली.